मित्राचा रेझ्युमे आमच्या मेंटेनन्स हेडला पाठवायचा आहे, शिफारशीत किती खरं लिहावं?

वर्धारोड_प्रवासी

नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअरची जागा निघाली आहे. डिप्लोमा चालेल, तिन्ही शिफ्ट कराव्या लागतील, ड्राइव्ह आणि पीएलसीचा अनुभव हवा, इलेक्ट्रिकल सुपरवायझरचं लायसन्स हवं. माझा एक मित्र हिंगण्याच्या एका छोट्या युनिटात याच कामावर आहे. पॉलिटेक्निकपासूनची दोस्ती. २०१५ ते २०१९ आम्ही एकाच कारखान्यात होतो, मी क्वालिटीत आणि तो मेंटेनन्सला. त्याने परवा मला मेलवर रेझ्युमे पाठवला आणि म्हणाला, साहेबांकडे टाकून दे.

माणूस कामाचा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. एकदा नाईटला आमच्या कन्व्हेअरचा ड्राइव्ह ओव्हरकरंटवर सारखा ट्रिप होत होता. आधीच्या शिफ्टवाल्यांनी रीसेट मारून दिवस काढला होता, आणि लाइन मध्येच थांबल्यामुळे माझ्याकडे रिजेक्शनचा ढीग लागला होता. याने मोटर गिअरबॉक्सपासून सोडवली, रिकामी चालवली, अँपिअर मोजले. करंट नॉर्मल. म्हणजे ड्राइव्ह चांगला, मोटर चांगली, दुखणं लोडच्या बाजूला. गिअरबॉक्सचं बेअरिंग धरलं होतं. पहाटेपर्यंत बदलून लाइन चालू. मी तिथेच उभा होतो.

अडचण रेझ्युमेतल्या एका ओळीची आहे. त्यात लिहिलंय, ‘एस७-३०० वरून एस७-१२०० पीएलसी मायग्रेशन प्रकल्प स्वतंत्रपणे पूर्ण केला.’ हा प्रकल्प २०१८ मध्ये माझ्यासमोर झाला. प्रोग्राम पुण्याहून आलेल्या व्हेंडरच्या माणसाने लिहिला. मित्राने पॅनलचं वायरिंग, इनपुट-आउटपुट एकेक करून तपासणं आणि कमिशनिंगच्या रात्री काढणं, हे सगळं केलं. कमी काम नाही ते. पण ‘स्वतंत्रपणे’ नाही.

दुसरी गोष्ट, तो कामात असताना जरा तापट आहे. ऑपरेटरने पॅनलला हात लावला की आवाज चढतो.

मी मेल असा लिहिला आहे (जाणार इंग्रजीत, इथे मराठीत देतो):

> सर, सोबत माझ्या जवळच्या मित्राचा रेझ्युमे पाठवत आहे. तो अत्यंत हुशार, मेहनती आणि प्रामाणिक आहे. पीएलसी आणि ड्राइव्हवर त्याचं प्रभुत्व आहे. कोणत्याही टीममध्ये मिसळून काम करतो. आपल्या कंपनीला त्याचा नक्की फायदा होईल. कृपया विचार व्हावा.

वाचल्यावर मलाच पटत नाही. यातलं काय ठेवू, काय काढू? आणि त्या ओळीचं काय करू?

---

तडतड्या

भाऊ, तू लय विचार करून राहिला. रेझ्युमे त्याचा आहे, तुझा नाही. त्यात काय लिहिलं ते त्याच्या डोक्यावर. सगळेच थोडं वाढवून लिहितात, हे साहेबांनाही माहीत असते. इंटरव्ह्यूत जे व्हायचं ते होईल. तू सरळ हेडच्या व्हॉट्सॲपवर टाक. एचआरला मध्ये घेतलं की महिनाभर हालचाल नाही होत. आमच्याकडे जे लागले ते सगळे हेडला थेट सांगूनच लागले.

---

सुनंदा_त्रिमूर्तीनगर

माझा भाचा यंदाच इलेक्ट्रिकलमध्ये बीई झाला आहे, फर्स्ट क्लास. तुम्ही मित्राचा पाठवतच आहात तर त्याच मेलमध्ये भाच्याचाही जोडाल का? तुम्हाला मेसेजमध्ये पाठवते. मुलगा फार गुणी आहे.

---

वर्धारोड_प्रवासी

सुनंदाताई, ही जागा अनुभवी माणसासाठी आहे, फ्रेशरसाठी नाही. आणि भाच्याचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे शिफारस म्हणून त्याचं नाव पुढे करणं मला जमणार नाही. आमच्याकडे ट्रेनी इंजिनिअरची भरती निघते तेव्हा अर्ज कुठे भरायचा त्याची लिंक तुम्हाला नक्की देईन. तिथे तो स्वतःच्या नावाने भरेल.

---

अभय_हिंगणा

मी मेंटेनन्स हेड म्हणून निवृत्त झालो. माझ्याकडे असे मेल सतत यायचे, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

हुशार, मेहनती, प्रामाणिक, हे तीन शब्द मी वाचतच नसे. प्रत्येक मेलमध्ये तेच असतात. मी शोधायचो ते एवढंच की लिहिणारा माणूस नेमका कुठे उभा होता. त्याने उमेदवाराला ब्रेकडाऊनवर पाहिलंय, की लग्नात पाहिलंय? तुमच्या मेलमध्ये ‘जवळचा मित्र’ आहे, पण तुम्ही एकाच प्लांटमध्ये होता हेच नाही. आणि तो कन्व्हेअरचा किस्सा इथे धाग्यावर सांगितलात, मेलमध्ये नाही. मोटर सोडवून रिकामी चालवून पाहणारा माणूस आणि रीसेट मारणारा माणूस यांच्यात जो फरक आहे, त्याच फरकाचे पैसे मेंटेनन्समध्ये मिळतात. ते चार ओळींत लिहा. मी हेड असतो तर त्या चार ओळींवर फोन केला असता.

आता ‘स्वतंत्रपणे’बद्दल. तडतड्या म्हणतात की इंटरव्ह्यूत होईल ते होईल. काय होईल ते सांगतो. मी पहिला प्रश्न हा विचारला असता: जुना प्रोग्राम एसटीएलमध्ये होता का? असेल तर १२०० वर कसा नेलात? एस७-१२०० मध्ये एसटीएल चालत नाही. लॅडर, एफबीडी किंवा एससीएलमध्ये ते ब्लॉक नव्याने लिहावे लागतात. ज्याने ते हाताने केलंय तो या प्रश्नावर दहा मिनिटं बोलतो, कुठला ब्लॉक त्रास देत होता तेही सांगतो. ज्याने नाही केलं तो ‘टीआयए पोर्टलमध्ये कन्व्हर्ट केलं’ म्हणतो आणि गप्प होतो. मग तो माणूस ड्राइव्हमध्ये कितीही चांगला असला तरी पुढचं सगळं मी संशयाने ऐकायचो. आणि त्या संशयात रेझ्युमे पाठवणाराही यायचा, कारण तो त्याच प्लांटमध्ये होता हे मला माहीत असायचं.

यात वाईट काय, तर या जागेला प्रोग्राम लिहिणारा माणूस लागतच नाही. ऑनलाइन जाऊन कुठला इनपुट येत नाही ते बघता यावं, कार्ड बदलता यावं, बॅकअप नीट ठेवता यावा आणि वेळ आली तर टाकता यावा, एवढं मेंटेनन्सला पुरतं. ते त्याला येतं का?

---

वर्धारोड_प्रवासी

अभयकाका, ते येतं. ऑनलाइन मॉनिटरिंग करून सेन्सर पकडताना मी त्याला पाहिलं आहे. मात्र २०१९ नंतर त्याने काय नवीन शिकलं ते मला त्याच्या सांगण्यावरूनच माहीत आहे.

मग ती ओळ मी मेलमध्ये दुरुस्त करू का? म्हणजे ‘रेझ्युमेत असं लिहिलंय, पण प्रत्यक्षात त्याचा भाग एवढाच होता’ असं?

---

अभय_हिंगणा

नाही, तसं अजिबात करू नका. मित्राच्या माघारी त्याच्या कागदावर रेघ मारल्यासारखं होईल ते. आधी त्याच्याशी बोला, रेझ्युमे त्यालाच बदलू द्या आणि बदललेला पाठवा. बदलायला तयार नसेल तर पाठवू नका. त्याने स्वतः अर्ज करावा.

---

रश्मी_खामला

मी भरतीच्या कामात बरीच वर्षं आहे, कारखान्यांच्याच. अभयकाकांनी मजकुराचं सांगितलं, मी पाठवण्याचं सांगते, कारण खरी गडबड तिथे होते.

पहिलं म्हणजे, दादा, मित्राचा मेल ‘फॉरवर्ड’ करू नका. नवा मेल लिहा आणि फाईल वेगळी जोडा. फॉरवर्ड केला की मित्राने तुम्हाला जे लिहिलं तेही खाली जातं. मी असे मेल पाहिले आहेत ज्यात खाली उमेदवाराचं वाक्य असतं, ‘सध्या पगार दोन महिने लेट आहे, जे देतील ते घेईन.’ ते हेडकडून एचआरकडे येतं, आणि पगाराची बोलणी त्या वाक्यावरच संपतात. त्याने मेलमध्ये काय लिहिलंय ते पाहून घ्या.

दुसरं, त्याची परवानगी. ‘साहेबांकडे टाकून दे’ म्हणाला ती परवानगी झाली, पण कोणापर्यंत जाणार ते त्याला स्पष्ट सांगा. हिंगणा आणि बुटीबोरीची मेंटेनन्सवाली मंडळी एकमेकांना ओळखतात. ड्राइव्हचा सर्व्हिस इंजिनिअर तोच, पॅनल बिल्डर तोच. हेडने सहज त्याच्या सध्याच्या कंपनीत फोन केला तर याची नोकरी तिथेच धोक्यात येते. म्हणून मेलमध्ये एक ओळ हवीच: ‘सध्याच्या कंपनीत त्याने सांगितलेलं नाही, कृपया तिथे चौकशी करू नये.’ रेझ्युमेवर आधार नंबर, वडिलांचं नाव, लग्नाची माहिती असेल तर तीही काढायला लावा. या टप्प्यावर कोणालाच लागत नाही आणि मेल किती हातांत फिरेल ते आपल्या हातात नसतं.

तिसरं, तडतड्यांचं अर्धं बरोबर आहे. निवड हेडच करतो, आणि हेडने नाव घेतलं की आमच्याकडे तो रेझ्युमे वर येतो. पण व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलची कुठेच नोंद नसते. हेड सुट्टीवर गेला की ती गेली. कंपनीत एम्प्लॉयी रेफरलचं पोर्टल असेल तर आधी तिथे भरा, मग तो जागेचा नंबर विषयाच्या ओळीत टाकून हेडला मेल करा आणि एचआरला सीसीत ठेवा.

आणि भरायच्या आधी मित्राला एक गोष्ट विचारा. त्याने कुठल्या कन्सल्टन्सीत रेझ्युमे दिला होता का? दिला असेल आणि त्यांनी तुमच्या कंपनीला आधीच पाठवला असेल, तर करारात ठरलेल्या मुदतीपर्यंत, बरेचदा सहा महिने, तो उमेदवार त्यांचा धरला जातो. त्यांची फी साधारण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के असते, म्हणजे एक महिन्याचा पगार. अशा वेळी तुमचा रेफरल बोनस जातो. ते ठीक आहे, पण आधी कळलेलं बरं.

---

निनाद_धरमपेठ

माझ्या चुलत भावाची गोष्ट आठवली. त्याने एकाला रेफर केलं, तो तीन महिन्यांत सोडून गेला, आणि त्यानंतर भावाच्या शब्दाला किंमतच राहिली नाही. तेव्हापासून तो कोणाचाच रेझ्युमे पुढे करत नाही. मला वाटतं मित्र आणि नोकरी वेगळंच ठेवावं.

---

रश्मी_खामला

निनाद, तुमच्या भावाने मेलमध्ये काय लिहिलं होतं, यावर ते अवलंबून आहे. ‘हा टिकेल’ असं लिहिलं असेल तर शब्द गेला. ‘मी याचं अमुक काम पाहिलं’ असं लिहिलं असतं तर माणूस गेला तरी ते वाक्य खरंच राहिलं असतं. कोण किती दिवस टिकेल हे मित्रालाही सांगता येत नाही, म्हणून ते लिहूच नये.

---

वर्धारोड_प्रवासी

काल संध्याकाळी मित्राकडे जाऊन आलो. आधी तो चिडला. म्हणाला, ‘तू माझा दोस्त हायस का त्यांचा?’ मी त्याला अभयकाकांचा एसटीएलचा प्रश्न विचारला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘ते त्या पुण्याच्या पोराने लिहिलं होतं, मले कसं माहीत राहील.’

मग कळलं की ही ओळ त्याची नाहीच. एका कन्सल्टन्सीच्या माणसाने रेझ्युमे बनवून दिला होता आणि ‘असं लिहिलं की कॉल येतात’ म्हणाला होता. याने इंग्रजी नीट वाचलंही नव्हतं. आम्ही दोघांनी बसून ती ओळ बदलली. आता अशी आहे: ‘एस७-३०० ते एस७-१२०० बदलात पॅनल वायरिंग, सर्व इनपुट-आउटपुटची तपासणी आणि कमिशनिंगमध्ये व्हेंडरसोबत काम. त्यानंतर वर्षभर त्या लाइनचा बॅकअप आणि ब्रेकडाऊन सांभाळला.’ शेवटचं वाक्य मला माहीतच नव्हतं, ते त्याला आठवलं. मला वाटतं आधीच्यापेक्षा ही ओळ वजनदार झाली आहे.

पण रश्मीताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं. त्या कन्सल्टन्सीने ‘बुटीबोरीत दोन-तीन ठिकाणी’ पाठवलाय म्हणे. कुठे ते त्याला सांगितलं नाही. म्हणजे आमच्याकडे जुना रेझ्युमे आधीच असू शकतो, त्या ‘स्वतंत्रपणे’सकट. आता?

---

तडतड्या

आता तर काहीच नको बोलू. दोन रेझ्युमे दिसले तर दोन दिसले, कोण जुळवून पाहते?

---

रश्मी_खामला

आम्ही पाहतो. सिस्टममध्ये मोबाईल नंबर किंवा ईमेल जुळला की डुप्लिकेट म्हणून दोन्ही फाईल शेजारी शेजारी उघडतात. एकात ‘स्वतंत्रपणे’ आणि दुसऱ्यात ‘व्हेंडरसोबत’ दिसलं, आणि कोणी काही सांगितलेलं नसलं, की उमेदवार लपवतोय असं वाटतं. खरं तर उलट आहे.

म्हणून मित्राला स्वतः एचआरला दोन ओळींचा मेल करू दे: ‘माझा आधीचा रेझ्युमे कन्सल्टन्सीमार्फत आपल्याकडे आला असल्यास कृपया सोबतची दुरुस्त प्रत ग्राह्य धरावी.’ एवढंच. कोणी काय लिहिलं त्याची कहाणी नको, कन्सल्टन्सीवर खापर नको. तुमच्या मेलमध्ये फक्त ‘सोबतची प्रत त्याने अलीकडेच दुरुस्त केली आहे’ असा उल्लेख पुरे.

---

प्राची_जोशी

तापटपणाचा मुद्दा राहिला. मी एका प्लांटमध्ये प्रॉडक्शनला आहे, म्हणून विचारते. रात्रपाळीत मेंटेनन्सवाला ओरडतो तेव्हा ऑपरेटर पुढच्या वेळी बिघाड सांगतच नाहीत, मशीन जशी चालते तशी चालवत राहतात. माझ्या मते हे कामाशी जोडलेलं आहे आणि मेलमध्ये यायला हवं. प्रामाणिक शिफारस म्हणायची आणि नेमकं हेच गाळायचं?

---

अभय_हिंगणा

प्राचीताईंचं म्हणणं चुकीचं नाही. पण मेल हा कागद आहे. तो कोणाकोणापर्यंत जाईल आणि किती वर्षं राहील ते सांगता येत नाही. ‘तापट’ हा एक शब्द वाचणाऱ्याच्या डोक्यात वाढत जातो. मी तरी तो लिहिणार नाही. हेडने समोर विचारलं, ‘स्वभाव कसा आहे?’, तर लपवणारही नाही.

---

प्राची_जोशी

आणि हेडने विचारलंच नाही तर? बहुतेक विचारत नाहीत. मग त्याच्या शिफ्टमधल्या ऑपरेटरना ते कळणार, तेही उशिरा.

---

रश्मी_खामला

मी दोघांच्या मधे आहे. स्वभावाचं लेबल लिहू नये, पण पाहिलेली गोष्ट लिहिता येते. दादा, तो नेमका कशावर चिडायचा?

---

वर्धारोड_प्रवासी

पॅनल चालू असताना ऑपरेटरने दार उघडलं की. एकदा एका पोराने ओव्हरलोड रिले स्वतःच रीसेट करायला हात घातला, तेव्हा याने सगळ्या लाइनसमोर त्याला झापलं. कारण बरोबर होतं, पोराचा हात भाजला असता. पद्धत चुकीची होती. तो पोरगा मग आठवडाभर याच्याशी बोलला नाही.

सगळ्यांचं वाचून रात्री मेल पुन्हा लिहिला. असा आहे:

> विषय: इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअर, रेफरल (जागेचा नंबर)
>
> सर, या जागेसाठी एक रेझ्युमे सोबत जोडला आहे. रेफरल पोर्टलवरही भरला आहे. उमेदवार माझा पॉलिटेक्निकपासूनचा मित्र आहे, हे आधीच सांगतो. २०१५ ते २०१९ आम्ही एकाच प्लांटमध्ये होतो, मी क्वालिटीत आणि तो मेंटेनन्समध्ये. खाली लिहिलेलं त्या काळात मी स्वतः पाहिलेलं आहे. त्यानंतरचं त्याचं काम मी पाहिलेलं नाही.
>
> बिघाडाचं मूळ शोधण्याची त्याची पद्धत मला भरवशाची वाटते. एका रात्री कन्व्हेअरचा ड्राइव्ह ओव्हरकरंटवर वारंवार ट्रिप होत होता आणि आधीच्या शिफ्टला तो रीसेट करून चालवला होता. त्याने मोटर गिअरबॉक्सपासून सोडवून रिकामी चालवली, करंट मोजला, आणि दोष गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये आहे हे दाखवलं. लाइन त्याच रात्री सुरू झाली.
>
> पीएलसीवर ऑनलाइन जाऊन बिघाड शोधणं आणि कार्ड बदलणं त्याला येतं. नवीन प्रोग्राम लिहिण्याचं काम करताना मी त्याला पाहिलेलं नाही. पॅनलच्या सुरक्षेबाबत तो कडक आहे. ऑपरेटरना सांगताना त्याचा आवाज चढलेला मी पाहिला आहे.
>
> रेझ्युमेची ही प्रत त्याने अलीकडेच दुरुस्त केली आहे. सध्याच्या कंपनीत त्याने नोकरी शोधत असल्याचं सांगितलेलं नाही, कृपया तिथे चौकशी करू नये. मित्र असल्यामुळे इंटरव्ह्यू पॅनलवर किंवा निर्णयात मला घेऊ नये ही विनंती.

मित्राला हा मेल वाचून दाखवला. आवाज चढण्याच्या वाक्यावर तो थोडा थांबला, मग म्हणाला, ‘राहू दे, खरं हाय.’

---

अभय_हिंगणा

छान झाला. मी अजूनही ते आवाजाचं वाक्य काढलं असतं, पण मित्राने स्वतः वाचून होकार दिला आहे, तर तुमचा अधिकार आहे. ‘माझा मित्र आहे’ हे वर आणलंत ते फार बरं केलंत. हे खाली दडलेलं असलं की वाचणारा मागे जाऊन सगळं पुन्हा वेगळ्या नजरेने वाचतो.

---

प्राची_जोशी

‘पॅनलच्या सुरक्षेबाबत कडक’ आणि लगेच ‘आवाज चढलेला’, हे दोन्ही शेजारी आल्यामुळे गोष्ट नीट कळते. मला पटलं. पण मित्र नाही म्हणाला असता तर तुम्ही काय केलं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

---

वर्धारोड_प्रवासी

मलाही नाही, प्राचीताई. बहुधा अभयकाकांसारखं केलं असतं, समोर विचारलं तर सांगितलं असतं. पण खात्रीने नाही सांगत.

मेल सोमवारी पाठवला. एचआरचा फोन आला. कन्सल्टन्सीचा जुना रेझ्युमे चार महिन्यांपूर्वीच आलेला निघाला, म्हणजे रेफरल बोनस नाही. मित्राचा दुरुस्तीचा मेल त्यांना आदल्या दिवशीच मिळाला होता, त्यामुळे त्यांनी नवी प्रत लावून घेतली. हेडने मला बोलावून एकच प्रश्न विचारला, ‘ती मोटर सोडवायची कल्पना त्याचीच होती की कोणी सांगितली?’ त्याचीच होती, तसं सांगितलं. गुरुवारी इंटरव्ह्यू आहे.

---

निनाद_धरमपेठ

अरे वा! आता हेड काय काय विचारणार ते आतून जरा काढून त्याला सांगून दे ना. तेवढी मदत तर चालतेच.

---

रश्मी_खामला

नाही चालत. इंटरव्ह्यूचे प्रश्न किंवा नंतर पॅनल काय म्हणालं, हे मित्राला सांगायचं नाही, निवड झाली तरी आणि नाही झाली तरी. निकाल एचआरकडूनच कळू दे. सांगायचंच असेल तर जे कुठल्याही उमेदवाराला सांगाल ते सांगा: गेटवर किती वाजता पोचायचं, सेफ्टी शूज लागतील का, मूळ कागद कोणते आणायचे. आणि लायसन्सच्या मुदतीची तारीख आजच बघायला लावा. जागेच्या अटीत लायसन्स आहे आणि मुदत संपलेली निघाली तर हेडची इच्छा असूनही आम्हाला ऑफर लेटर काढता येत नाही.

---

वर्धारोड_प्रवासी

आत्ताच फोन करून बघायला लावलं. मुदत आहे, पण पुढच्या महिन्यात संपते. नूतनीकरणाचा अर्ज उद्या भरतोय, त्याची पावती मूळ लायसन्ससोबत घेऊन जाईल.